नवरात्राचा उपवास आणि तोंडावर आलेली परीक्षा: फराळ, अभ्यासाचे तास आणि ताकदीचा हिशेब

घट बसतात तेव्हाच नेमकी कॉलेजची सत्र परीक्षा जवळ आलेली असते. नाशिकमध्ये या दिवसांत जुन्या आग्रा रोडला कालिकेची यात्रा भरलेली असते, रात्री गरबा असतो, आणि पंचवटीपासून सिडकोपर्यंत कितीतरी घरांत बारावीची किंवा कॉलेजातली मुलं नऊ दिवसांचा उपवास धरून पुस्तक उघडून बसलेली असतात. तिसऱ्या माळेपर्यंत तक्रार सुरू होते: वाचलेलं डोक्यात शिरत नाही, दुपारी डोळे मिटतात, गणितं चुकतात. घरचे म्हणतात उपवास सोड, मुलगी म्हणते सोडणार नाही.

बहुतेक घरांत या वादाची गरजच नसते. निरोगी मुलामुलींना फराळ करून नऊ दिवस नीट अभ्यास करता येतो. घोटाळा होतो तो तीन ठिकाणी: ताटात काय आहे, ते किती वाजता पोटात जातं, आणि दिवसाच्या कोणत्या तासाला कोणता विषय ठेवला आहे. ही तिन्ही ठिकाणं व्रत न मोडता दुरुस्त करता येतात.

मेंदूला काय लागतं?

मेंदूचं वजन शरीराच्या मानाने अगदी थोडं, पण शांत बसलेल्या माणसाच्या एकूण खर्चातली साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा तो एकटा वापरतो. ही ऊर्जा त्याला मुख्यतः रक्तातल्या साखरेतून मिळते. मेंदूकडे स्वतःचा साठा जवळजवळ नसतो, त्यामुळे पुरवठा सतत चालू लागतो. जेवणांच्या मधल्या वेळेत ही सोय यकृत करतं. त्यात साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. घरातल्या धान्याच्या कोठीसारखं समजा: बाजार बंद असला तरी कोठीतून रोज थोडं थोडं काढून घर चालतं. रात्रभर न खाता आपण सकाळी ताजेतवाने उठतो ते या कोठीच्या जोरावर.

म्हणून सकाळचे काही तास न खाता गेले तर मेंदू उपाशी पडत नाही. कोठी रिकामी होत आली तरी शरीर चरबीतून इंधन काढायला लागतं. उपवासात डोकं चालेनासं होतं ते बहुतेक वेळा इंधन संपल्यामुळे नव्हे, तर ते एकदम लोटल्यासारखं आल्यामुळे आणि नंतर एकदम ओसरल्यामुळे.

द्राक्षबागेत काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. ठिबकने दिवसभर थेंब थेंब पाणी दिलं तर वेल तरतरीत राहतो. तेवढंच पाणी पाटाने एकदम सोडलं तर आधी चिखल होतो आणि दुपारनंतर माती तडकते. पाणी तेवढंच, देण्याची रीत वेगळी. फराळाचंही तसंच आहे.

खिचडीच्या ताटात नेमकं काय होतं?

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात प्रथिनं जेमतेम नावाला असतात, तंतू नसल्यातच जमा, बाकी सगळं पिष्ट. भिजून, वाफवून मऊ झालेलं हे पिष्ट झपाट्याने पचतं आणि रक्तातली साखर चढवतं. ती खाली आणायला शरीर इन्सुलिन सोडतं. चढ जितका उभा तितका उतारही पटकन, आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा भूक, सुस्ती, चिडचिड. सगळ्यांना हे सारख्या प्रमाणात होत नाही, पण उपवासात पुढचं खाणं लांब असतं म्हणून उतार जास्त जाणवतो.

त्यात आपली खिचडी तुपात परतलेली, बटाटा घातलेली, वर दुसरी प्लेट. तूप वाईट नाही, पण पिष्ट आणि तूप दोन्ही भरपूर झाले की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि अंग जड होतं. साडेअकराला दोन प्लेट खिचडी खाऊन बारा वाजता भौतिकशास्त्राची गणितं घेऊन बसलं तर काय होणार? शिवाय दुपारी एक ते तीन ही वेळ शरीराच्या घड्याळानेच झोपाळू असते, उपवास असो वा नसो. खिचडीची सुस्ती नेमकी तिच्यावर येऊन बसते.

उपाय सोपा आहे आणि उपवासाच्या चौकटीतलाच आहे: साबुदाणा निम्मा करा, दाण्याचा कूट दुप्पट करा, सोबत वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर घ्या. शेंगदाण्यात वजनाच्या साधारण पाव भाग प्रथिनं असतात. दही, काकडी आणि कूट यांच्यामुळे तेच पिष्ट सावकाश रक्तात उतरतं. खिचडी खाल्ल्याचं समाधानही राहतं.

राजगिरा तर यापेक्षाही कामाचा. 100 ग्रॅम राजगिऱ्यात 13-14 ग्रॅम प्रथिनं असतात, तंतूही असतात. त्याचं थालीपीठ दोन-तीन तास सहज पुरतं. उपवासाला राजगिरा चालतोच, तरी कित्येक घरांत तो वडीपुरता उरला आहे याचं फार वाईट वाटतं. रताळं उकडून खाल्लं तर तेही बटाट्याच्या वेफर्सपेक्षा शंभरपट बरं.

एक दिवस घेऊन पाहू

समजा पंचवटीत राहणारी बारावी सायन्सची मुलगी आहे, वजन 50 किलो, तब्येत चांगली. नऊ दिवस फराळावर. परीक्षा सातव्या माळेला सुरू होते, तोवर अभ्यासाची सुट्टी. एरवी ती दहा तास अभ्यास करते.

तिचा नेहमीचा उपवासाचा दिवस असा जातो: सकाळी सात आणि दहाला चहा, साडेअकराला दोन प्लेट खिचडी, चारला चहा आणि वेफर्स, आरती आणि गरबा आटोपून रात्री साडेनऊला भगर-आमटी. पोट दोनदा गच्च भरतं, त्यामुळे आपण कमी खाल्लं असं तिला वाटत नाही. पण प्रथिनांचा हिशेब केला तर दिवसभरात वीसेक ग्रॅमच्या आसपासच जातात, आणि तिच्या वजनाला रोज 40 ते 45 ग्रॅम लागतात. एक दिवस असं गेलं तर काही बिघडत नाही. नऊ दिवस गेलं की सहाव्या-सातव्या माळेला थकवा दिसतो, आणि नेमका तेव्हाच तिचा पेपर आहे.

आता तोच उपवास वेगळ्या रीतीने. पावणेसहाला उठून भांडंभर पाणी, मग कपभर दूध आणि दोन खजूर. सहा ते आठ गणित. सकाळी डोकं ताजं असतं आणि यकृताची कोठी अजून चालू असते, म्हणून दिवसातला सगळ्यात अवघड विषय इथे. साडेआठला अर्धी वाटी राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, त्यात उकडलेला बटाटा आणि दोन मोठे चमचे कूट, सोबत वाटीभर दही. साडेनऊ ते पावणेबारा भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, मध्ये दहा मिनिटं उठून फिरायचं.

साडेबाराला खिचडी, पण एक लहान वाटी, तीन मोठे चमचे कूट आणि काकडी घालून. मग वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी, गजर लावूनच. अर्ध्या तासाच्या पुढे गेली तर उठल्यावर डोकं तासभर बधिर राहतं. सव्वादोन ते सव्वातीन हलकं काम: आकृत्या, सूत्रांची उजळणी, वही पूर्ण करणं. चारला एक पेरू किंवा केळं आणि ग्लासभर ताक. साडेचार ते सहा जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची. सातला आरती, साडेसातला भगर आणि दाण्याची आमटी. साडेआठ ते नऊ फक्त आठवून पाहायचं, दिवसभर काय वाचलं ते पुस्तक मिटून. दहाला झोप.

प्रथिनं चाळिशीपर्यंत पोहोचतात, आणि एकही पदार्थ उपवासाबाहेरचा नाही. अभ्यास होतो सव्वासात तास. दहाचे सात झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. खरा अवघड अभ्यास सकाळी चार-सव्वाचार तास झालेला आहे, आणि एरवीच्या दहातही तो याहून फार जास्त नसतो. चूक होते ती दहाचाच आकडा धरून बसल्यावर. मग संध्याकाळी पाठ न झालेला धडा रात्री बारापर्यंत ओढला जातो, झोप पाच तासांवर येते आणि दुसऱ्या दिवशी दोष उपवासाच्या माथी पडतो.

दिवसातून एकदाच खाण्याचा नेम असेल तर?

काही घरांत संध्याकाळच्या आरतीनंतर एकदाच फराळ असतो, दिवसभर फक्त दूध, फळं. तिथे वरचं वेळापत्रक चालणार नाही. अवघड अभ्यास सगळा पहाटे पाच ते साडेनऊमध्ये आणा. दूध आणि फळ एकदम न घेता तीन वेळांना वाटून घ्या. दुपारी दोननंतर नवीन धडा उघडू नका, फक्त उजळणी. संध्याकाळी मात्र दिवसभराची भूक एका ताटात भरायची नाही. आरतीनंतर आमटी, दही आणि थोडी भगर, आणि तासा-दीड तासाने दूध किंवा दाण्याचा लाडू. एकदम भरपेट खाल्लं तर आंबट ढेकर येतात, झोप तुटते आणि पहाटेचा तो सोन्यासारखा वेळ हातचा जातो.

पाणीही न पिण्याचा उपवास अभ्यासाच्या दिवसांत करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाऊस ओसरल्यावर नाशिकमध्येही ऊन चटके देतं. थोडंसं पाणी कमी पडलं तरी लक्ष टिकत नाही आणि डोकं दुखतं. दिवसात आठ-दहा भांडी पाणी, त्यातलं एखादं सैंधव घातलेलं ताक. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, दुसरी परीक्षा नको. अळणी उपवास करणाऱ्यांनी उठताना चक्कर येते का इकडे लक्ष ठेवावं.

दुसऱ्या माळेची डोकेदुखी

काहीजण नवरात्रात चहा सोडतात. मग दुसऱ्या दिवशी कपाळ ठणकतं आणि सगळे म्हणतात, उपवास बाधला. खरं कारण बहुधा चहा बंद होणं हेच असतं. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने तो एकदम थांबवला की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, पहिले दोन दिवस जोर असतो आणि पूर्ण जायला आठवडाही लागू शकतो. चहा सोडायचाच असेल तर पितृपक्षाच्या शेवटच्या आठवड्यापासून एकेक कप कमी करत या. आणि सोडायचा नसेल तर तोच उपवासाचा आधार करू नका. रिकाम्या पोटी चार-पाच कप म्हणजे पित्ताला आमंत्रण, आणि दुपारी चारनंतरचा चहा रात्रीची झोप खातो.

"आमची आजी नऊ दिवस उपवास करून शेतात राबायची"

खरं आहे, आणि तिच्या निष्ठेबद्दल दुमत नाही. पण ओळखीचं अंगमेहनतीचं काम आणि तीन तासांत अनोळखी गणितं सोडवणं यांत फरक आहे. थकलेला हात संथ चालतो आणि ते लगेच कळतं. थकलेलं लक्ष मात्र गुपचूप निसटतं: चिन्ह उलटं लिहिलं जातं, प्रश्नातला 'नाही' हा शब्द वाचायचा राहतो. आणि आजी दिवेलागणीनंतर लवकर झोपायची, हे सांगायचं नेहमी राहून जातं.

दुसरे म्हणतात की उपवासात डोकं उलट हलकं चालतं. काहींना सकाळच्या तासांत तसं वाटतंही. पण वाटण्यावर विसंबू नका, मोजा. घट बसायच्या आधी एका सकाळी एकाच प्रकारची वीस गणितं तीस मिनिटं लावून सोडवा आणि चुका मोजून ठेवा. दुसऱ्या आणि चौथ्या माळेला त्याच वेळी तशीच वीस वेगळी गणितं सोडवा. आधी तीन चुका होत्या आणि आता तीन-चारच आहेत, तर तुमची घडी बसली आहे. आठवर गेल्या तर आधी झोप तपासा, मग सकाळचं ताट. दोन्ही नीट असूनही चुका उतरत नसतील तर पेपरच्या दिवसांपुरता उपवास हलका करणं शहाणपणाचं.

हलका करायचा म्हणजे व्रत मोडायचं का?

नाही, आणि यासाठी नवीन काही शोधायला नको. आपल्याकडे उठता-बसता उपवास पूर्वीपासून आहे: घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी, मधले दिवस साधं जेवण. धान्यफराळही कित्येक घरांत चालतो, म्हणजे धान्य आधी भाजून मग त्याची भाकरी किंवा भात, कांदा-लसूण वर्ज्य. परीक्षा असलेल्या मुलीला आईने किंवा आजीने यातला पर्याय आपणहून सुचवला तर ती संकोचाशिवाय घेते. स्वतः मागणं तिला जड जातं.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेले, फिट्सचा त्रास असलेले, हिमोग्लोबिन फार कमी असलेले, वजन मुळातच कमी असलेले, आणि उपाशी राहिलं की अर्धशिशी उठणारे. उपवासात हातपाय थरथरले, गार घाम आला, बोलणं अडखळलं तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. बरं वाटलं की नीट खायला द्या. वाटलं नाही तर पुन्हा साखर द्या आणि दवाखाना गाठा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

भगरीबद्दल एक सावधगिरी

पावसाळी ओलाव्यात साठवलेल्या भगरीला, आणि त्याहून जास्त तिच्या पिठाला, बुरशी धरते. ती नेहमी डोळ्यांना दिसत नाही, आणि काही बुरशींचं विष शिजवूनही जात नाही. अशी भगर खाल्ल्यावर काही तासांत चक्कर, मळमळ, उलट्या, अंगाला थरथर सुटते. उघड्या पोत्यातली भगर आणि दळून ठेवलेलं पीठ घेऊ नका. पाकीटबंद भगर तारीख बघून घ्या, निवडा, धुवा, कडक उन्हात वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. कडवट किंवा कुबट वास आला तर टाकून द्या. पेपरच्या आदल्या रात्री बाहेरून आणलेल्या भगरीच्या भाकरीचा धोका पत्करू नका.

पेपरच्या दिवशी

अकराचा पेपर असेल तर साडेआठ ते नऊमध्ये खाऊन मोकळं व्हा, आणि तेच खा जे गेले पाच-सहा दिवस खाताय: थालीपीठ आणि दही. पहाटे दर्शनाला जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी जाऊन या. यात्रेच्या रांगेत किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही. पिशवीत पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याची एक वडी ठेवा. पेपरला बसायच्या पंधरा मिनिटं आधी दोन खजूर आणि चार घोट पाणी. हॉलमध्ये सगळ्यात अवघड प्रश्न पहिल्या दीड तासात उरका, शेवटची वीस मिनिटं फक्त चिन्हं, एककं आणि प्रश्न क्रमांक तपासायला ठेवा. उपवासात चुका तिथेच होतात.

दसऱ्याचं ताट

नऊ दिवस थोडं-थोडं खाल्लेल्या पोटात दसऱ्याला एकदम श्रीखंड-पुरी, भजी आणि मसालेभात गेला की दुपार गेलीच, कित्येकदा रात्रभर पोटही बिघडतं. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर सकाळी वरण-भात-लिंबू, दुपारी दोन पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड, तळण एखादंच. सोनं वाटायला संध्याकाळी बाहेर पडायचं असतं, म्हणून त्या दिवसाचा अभ्यास सकाळी सहा ते अकरामध्येच धरा. बाकीचं श्रीखंड फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहतं.